मोठ्या आवाजाने चक्कर आणि स्वतःचे डोळे हलल्याचा आवाज: सुपिरियर कॅनॉल डिहिसन्सच्या तपासण्या कोणत्या क्रमाने कराव्यात

चक्कर येते म्हणून आधी मानेचा एक्स-रे, मग मेंदूचा एमआरआय, मग महिनोन्‌महिने चक्करच्या गोळ्या, आणि शेवटी कुणीतरी सुचवलं म्हणून कानाचा सीटी. सुपिरियर कॅनॉल डिहिसन्सचे बहुतेक पेशंट याच वाटेने कानाच्या तपासणीपर्यंत पोचतात. ऑडिओमेट्रीच्या खोलीत बसून मी या फायली चाळते तेव्हा तपासण्यांची कमतरता दिसत नाही. चुकलेला असतो तो क्रम, आणि महत्त्वाची तपासणी बऱ्याचदा अर्धीच झालेली असते. हा लेख त्या क्रमासाठी आहे. निदान डॉक्टरच करतील, पण त्यांच्यासमोर काय घेऊन जायचं आणि कोणती तपासणी पूर्ण झाली आहे का हे कसं बघायचं, एवढं पेशंटला नक्की करता येतं.

## आधी एवढं समजून घ्या

प्रत्येक कानाच्या आत, कवटीच्या हाडात, तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्यातली वरची नलिका मेंदूच्या बरोबर खाली असते आणि तिच्यावर हाडाचं पातळ छत असतं. काही जणांत या छताला भोक असतं; त्यालाच सुपिरियर कॅनॉल डिहिसन्स म्हणतात. १९९८ मध्ये जॉन्स हॉपकिन्समधल्या लॉइड मायनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे भोक आणि त्याची लक्षणं यांचा संबंध पहिल्यांदा नीट मांडला.

आतल्या कानातल्या द्रवाला एरवी दोनच लवचिक खिडक्या असतात: एकीतून आवाजाची लाट आत येते, दुसरीतून तिला वाट मिळते. छताला भोक पडलं की तिसरी खिडकी तयार होते. पाइपला मध्येच गळती लागावी तसा आवाजाचा काही जोर तोलाच्या नलिकेकडे वळतो. मग आवाजाने किंवा कुंथण्याने जग हलतं. उलट बाजूने, शरीरातले आवाज हाडावाटे त्या कानात फाजील मोठे पोचतात: स्वतःचा आवाज, नाडी, टाचेचा दणका, आणि बुबुळं फिरल्याची घरघर. सगळ्या तपासण्या या एकाच गोष्टीचा पुरावा शोधतात, म्हणून हा परिच्छेद लक्षात राहिला तर पुढचं सोपं जाईल.

## पायरी १: डॉक्टरकडे जाण्याआधी नोंद तयार करा

"मला चक्कर येते" या वाक्याने निदान पुढे सरकत नाही. वहीत चार रकाने आखा: कशाने झालं, किती वेळ टिकलं, काय हललं, कोणत्या कानाकडे जाणवलं. दोन आठवड्यांची नोंद पुरते.

पहिला रकाना सगळ्यात मोलाचा. कुकरची शिट्टी, मिक्सर, ट्रकचा हॉर्न, मिरवणुकीतला ढोल, हे आवाज लिहा. आवाज चालू असेपर्यंतच समोरचं हललं आणि आवाज थांबताच थांबलं, तर तसं स्पष्ट लिहा, कारण आवाजाशी बांधलेली अशी चक्कर इतर आजारांत क्वचितच दिसते. ताणाचे प्रसंग वेगळे लिहा: शौचाला कुंथणं, जड बादली उचलणं, नाक शिंकरणं, खोकला, शंख फुंकणं, कपालभाती किंवा कुंभक. यातले बरेच प्रसंग आपण होऊन कुणी सांगत नाही, आणि डॉक्टरांनाही विचारायला वेळ नसतो.

तिसऱ्या रकान्यात "गरगरलं" एवढंच नको. समोरची चौकट वर-खाली गेली, तिरकी फिरली, की फक्त पाय लटपटले? नजर हलणं आणि तोल जाणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

आता डोळ्यांचा आवाज. रात्री पंखा बंद करून, शांत खोलीत बसून, डोळे मिटा आणि बुबुळं सावकाश डावी-उजवीकडे फिरवा. एका कानात घासल्यासारखा आवाज, बुबुळांच्या हालचालीबरोबरच आणि दर वेळी, येत असेल तर नोंदवा. हाच प्रश्न टाचेबद्दलही विचारा: अनवाणी चालताना प्रत्येक पाऊल कानात ठो ठो ऐकू येतं का?

इशारा: चक्कर मुद्दाम आणून बघू नका. नाक दाबून जोर लावणं, स्पीकरजवळ कान नेणं, हे घरी नको. दवाखान्यात ते बसवून, डोळ्यांवर लक्ष ठेवून करतात. घरी उभ्याने केलं तर पडायला होतं.

आधी हे तपासा: अचानक एका कानाने ऐकू येणं बंद झालं, बोलणं अडखळतंय, दोन-दोन दिसतंय, हात-पाय किंवा चेहऱ्याची एक बाजू लुळी वाटतेय, तर वही बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा. तो वेगळा विषय आहे.

## पायरी २: सारखं दिसणारं बाजूला काढा

स्वतःचा आवाज कानात घुमणं म्हणजे लगेच हे भोक नव्हे. नाक-कान जोडणारी नळी सतत उघडी राहिली तरी आवाज घुमतो, पण तेव्हा श्वासही कानात ऐकू येतो आणि आडवं झालं की बहुधा बरं वाटतं. कानात श्वास ऐकू येतो की डोळे ऐकू येतात, या एका प्रश्नावर दोन्ही वाटा बऱ्यापैकी वेगळ्या होतात.

अंथरुणात कूस बदलताना काही सेकंद गरगरत असेल तर कानातले खडे सरकल्याची शक्यता जास्त. चक्कर तासन्‌तास टिकते आणि तेव्हाच कान दडतो, तर मेनिएर हा आतल्या कानाचा आजार. मायग्रेनमध्येही आवाज सहन होत नाहीत आणि चक्कर येते. शिवाय भोक असलेल्या पुष्कळांना मायग्रेनही असतो, म्हणून इथे एक निघालं की दुसरं नाही असा हिशोब चालत नाही. कानात नाडीचे ठोके हे एकच लक्षण असेल, तर रक्तवाहिन्यांची कारणंही डॉक्टरांना तपासू द्या.

## पायरी ३: कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे काय दाखवायचं

वही पुढे करा आणि पहिल्याच दोन वाक्यांत सांगा: "मोठ्या आवाजाने नजर हलते, आणि डोळे फिरवल्याचा आवाज डाव्या कानात येतो." मानेचं दुखणं आणि ॲसिडिटी यांच्यानंतर हे वाक्य आलं तर ते हरवतं.

डॉक्टर नादकाटा कपाळावर ठेवतील. भोक असेल तर आवाज बहुधा त्याच कानाकडे जातो. काही जण तो घोट्याच्या हाडावर ठेवतात. पायावर ठेवलेला काटा कानात ऐकू आला की पेशंट आणि बरोबर आलेले नातेवाईक दोघंही थक्क होतात. पण ही फक्त चुणूक आहे, पुरावा नव्हे.

खरा पुरावा डोळ्यांत दिसतो. जाड भिंगाचा चष्मा किंवा कॅमेऱ्याचा गॉगल घालून, नाक दाबून फुंकायला सांगतात, किंवा कानात आवाज व दाब देतात. वरच्या नलिकेला भोक असेल तर बुबुळं वर सरकतात आणि दुसऱ्या कानाच्या दिशेने पिळली जातात. घसा बंद करून कुंथलं तर हालचाल उलटी, म्हणजे खाली आणि त्याच कानाकडे.

चूक: ही चाचणी साध्या डोळ्यांनी, पेशंट भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत असताना करणं. नजर एका जागी खिळली की हालचाल दबते आणि "काही नाही" असं लिहिलं जातं.

## पायरी ४: ऑडिओमेट्री, आणि ती शून्यावर थांबू देऊ नका

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. ऑडिओमेट्रीत दोन मापं असतात: हेडफोनमधून, म्हणजे हवेतून ऐकू येणारा सगळ्यात हळू आवाज, आणि कानामागच्या हाडावर कंपक ठेवून, हाडावाटे ऐकू येणारा सगळ्यात हळू आवाज. या आजारात खालच्या सुरांत हवेतून ऐकणं कमी होतं आणि हाडावाटे ऐकणं सामान्य माणसापेक्षा चांगलं होतं. आकडा शून्याच्या खाली, उणे ५ किंवा उणे १० डेसिबलपर्यंत जातो.

आता अडचण अशी की घाईच्या दिवशी हाडाचं माप शून्याला आलं की "नॉर्मल" म्हणून तिथेच थांबवलं जातं, आणि २५० हर्ट्झला हाडाचं माप कधीकधी घेतलंच जात नाही. म्हणजे जिथे पुरावा लपलेला असतो नेमकी तीच जागा कोरी राहते.

एक काल्पनिक पण नेहमीच्या धाटणीची केस पुढे शेवटपर्यंत धरून चालू. ४४ वर्षांच्या बाई, बँकेत कॅशियर, नोटा मोजायच्या मशीनच्या आवाजाने काउंटर तिरका होतो. पहिल्या ऑडिओग्रामवर डाव्या कानाला ५०० हर्ट्झला हवेतून २५, हाडावाटे ०. २५० ची हाडाची खूण नाही. हवा आणि हाड यांत फरक, पडदा शाबूत, म्हणून शेरा आला: ओटोस्क्लेरोसिस असावा, म्हणजे कानातलं रिकीब हे हाड घट्ट बसलेलं. ऑपरेशनचा विचार करा.

दुसऱ्यांदा सगळं माप घेतल्यावर डाव्या कानाचे आकडे असे आले:

- २५० हर्ट्झ: हवेतून ३०, हाडावाटे उणे १०
- ५०० हर्ट्झ: हवेतून २५, हाडावाटे उणे ५
- १००० हर्ट्झ: हवेतून १५, हाडावाटे ५
- २००० च्या पुढे: दोन्ही जवळजवळ सारखे

पहिल्या कागदावर ५०० ला २५ चा फरक होता. आता तिथे ३० आणि २५० ला ४० चा फरक आहे, आणि तो मुख्यतः खालच्या सुरांत आहे. तरीही एवढ्यावर ओटोस्क्लेरोसिस निकाली निघत नाही. त्यासाठी स्टेपेडियल रिफ्लेक्सची, म्हणजे मोठ्या आवाजाला मधल्या कानातला स्नायू आकसतो का हे बघणारी चाचणी लागते, जी मधला कान तपासणाऱ्या टिम्पॅनोमेट्रीच्या मशीनवर थोड्या मिनिटांत होते. रिकीब घट्ट बसलं असेल तर रिफ्लेक्स साधारणपणे येत नाही. या बाईंचा रिफ्लेक्स व्यवस्थित आला. मधला कान मोकळा आहे आणि तरी फरक आहे, म्हणजे ऊर्जा आतल्या कानात कुठेतरी पळते आहे.

तपासा: रिपोर्ट हातात घेऊन तीन गोष्टी बघा. २५० आणि ५०० हर्ट्झला हाडाची खूण आहे का? ती शून्याच्या रेषेवरच अडकली आहे का? रिफ्लेक्सचा कागद जोडला आहे का? एखादी गोष्ट नसेल तर तपासणी अर्धी आहे; ती पूर्ण करून मागा.

इशारा: हवा-हाडाचा फरक आहे पण रिफ्लेक्स तपासलेला नाही, अशा कागदावर रिकिबीच्या ऑपरेशनला होकार देऊ नका. भोकामुळे पडलेला फरक त्या ऑपरेशनने भरून निघत नाही.

## पायरी ५: व्हेम्प चाचणी

या चाचणीत कानात मोठे ठोके ऐकवतात आणि मानेच्या किंवा डोळ्याखालच्या स्नायूंवर चिकटवलेल्या इलेक्ट्रोडमधून तोलाच्या अवयवाचा प्रतिसाद टिपतात. तिसरी खिडकी असेल तर प्रतिसाद फार हळू आवाजालाच सुरू होतो आणि डोळ्याखाली तो खूप उंच येतो.

आपल्या बाईंना उजव्या कानात ९५ डेसिबलला मानेचा प्रतिसाद सुरू झाला, डाव्या कानात ७० लाच. डोळ्याखालचा डावा प्रतिसाद उजव्याच्या कितीतरी पट मोठा. आकडे जसेच्या तसे दुसऱ्या केंद्राशी जुळवू नका. मशीन आणि आवाजाचा प्रकार बदलला की सामान्य मर्यादा बदलते. रिपोर्टवर त्या केंद्राची स्वतःची मर्यादा छापलेली हवी.

ही चाचणी ओटोस्क्लेरोसिसचा प्रश्नही सोडवते. मधला कान अडला असेल तर हवेतून दिलेल्या आवाजाला व्हेम्प सहसा येतच नाही. तो आला, आणि तोही लवकर आला, म्हणजे वाट उघडी आहे.

तयारी: मान वळवून ताणून धरावी लागते, म्हणून मानेचं दुखणं आधी सांगा, मान सैल पडली तर मानेचा प्रतिसाद खोटाच लहान येतो. चक्करच्या गोळ्या चालू असतील तर कधी थांबवायच्या ते डॉक्टरांना विचारा, स्वतःहून बंद करू नका. चाचणीतल्या आवाजानेच चक्कर येऊ शकते, तेव्हा परतताना गाडी चालवायला कुणीतरी सोबत हवं.

## पायरी ६: सीटी, आणि तो मुद्दाम इतक्या उशिरा

"थेट सीटीच काढून टाकू" हा मोह स्वाभाविक आहे. पण सीटीत खऱ्यापेक्षा जास्त भोकं दिसतात. हाडाचं छत कागदाइतकं पातळ असेल तर जाड कापांत ते दिसत नाही आणि रिपोर्टमध्ये डिहिसन्स लिहिलं जातं. खरं भोक असूनही कधीच त्रास न झालेली माणसंही असतात: १००० कानांची हाडं मृत्यूनंतर तपासलेल्या एका अभ्यासात सुमारे ०.५ टक्का हाडांत भोक सापडलं. म्हणून सीटीचं काम एवढंच: पायरी ४ आणि ५ मध्ये ज्या कानावर बोट ठेवलं गेलं, तिथे भोक आहे का ते बघणं.

चिठ्ठीवर नुसतं "सीटी ब्रेन" असेल तर ते उपयोगाचं नाही. हवा तो टेम्पोरल बोनचा हाय रिझोल्यूशन सीटी, काप ०.६ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ, आणि प्रतिमा वरच्या नलिकेच्या पातळीत व तिच्या आडव्या छेदात पुन्हा बांधलेल्या. रेडिओलॉजीत या दोन छेदांना पॉश्ल आणि स्टेनव्हर्स म्हणतात. डॉक्टरांना चिठ्ठीवर "वरच्या नलिकेला भोक आहे का" हा प्रश्न लिहायला सांगा. जो प्रश्न विचारलेला नसतो त्याचं उत्तर गर्दीच्या रिपोर्टमध्ये सहसा येत नाही.

फिल्म घेऊन घरी येऊ नका, सीडी मागून घ्या. फिल्मवर निवडक काप असतात. सीडीवर सगळा डेटा असतो आणि त्यातून दुसरे डॉक्टर हवे ते छेद पुन्हा बांधू शकतात. या बाईंच्या पहिल्या रिपोर्टमध्ये "विशेष काही नाही" होतं. सीडीवरून पॉश्ल छेद बांधल्यावर डावीकडे साडेतीन मिलिमीटरचं भोक दिसलं. उजवीकडे छत पातळ, पण सलग.

चूक: एमआरआय नॉर्मल आला म्हणून विषय संपवणं. एमआरआयमध्ये असं पातळ हाड नीट दिसत नाही.

## पायरी ७: तिन्ही एकाच कानावर जुळतात का ते बघा

निदानाला तीन गोष्टी लागतात: नेमकी लक्षणं, तिसऱ्या खिडकीचा कार्यात्मक पुरावा (डोळ्यांची हालचाल, उणे हाडाचं माप किंवा व्हेम्प यांपैकी निदान एक), आणि सीटीवरचं भोक. शिवाय हे सगळं दुसऱ्या एखाद्या आजाराने अधिक चांगलं समजावता येऊ नये. लक्षण डाव्या कानाचं, व्हेम्प उजवीकडे बिघडलेला आणि भोक दोन्हीकडे, असं असेल तर थांबा आणि मापं परत घ्या. दोन्ही बाजूंना भोक असणं दुर्मिळ नाही, आणि चुकीच्या कानावर ऑपरेशन होण्याचा धोका इथेच असतो.

## निदानानंतर लगेच काय

भोक आहे म्हणजे ऑपरेशन, असं नाही. त्रास थोडा असेल तर कारणं टाळूनच बऱ्याच जणांचं भागतं. बद्धकोष्ठतेवर उपचार करा, कुंथू नका, वजन उचलताना श्वास रोखू नका, कुंभक आणि शंख थांबवा. मायग्रेन असेल तर आधी तो आटोक्यात आणा. काही जणांचा निम्मा त्रास तिथेच कमी होतो.

कानात बोळे घालण्याबद्दल मात्र गोंधळ असतो. मिरवणुकीत किंवा मशीनच्या आवाजात बोळे चक्कर टाळतात. दिवसभर घातले तर स्वतःचा आवाज आणि डोळ्यांची घरघर वाढते, कारण बाहेरचा आवाज अडतो आणि हाडावाटे येणारा तसाच राहतो. म्हणून आवाजापुरते घाला, मग काढा.

आयुष्य अडत असेल, म्हणजे नोकरी, रस्ता ओलांडणं, स्वतःचं बोलणंही सहन होत नसेल, तेव्हा ऑपरेशनची चर्चा. नलिका बुजवतात किंवा भोकावर छत घालतात, बऱ्याचदा दोन्ही. वाट दोन: कानाच्या वरून कवटीचा छोटा तुकडा काढून, किंवा कानामागच्या हाडातून. कोणती, हे भोकाची जागा आणि सर्जनचा अनुभव ठरवतो. सर्जनना तीन प्रश्न विचारा: अशी किती ऑपरेशनं केली, त्यात ऐकू येणं किती जणांचं कमी झालं, आणि दुसऱ्या कानाची आजची स्थिती काय. तिसरा प्रश्न सगळे विसरतात. दुसऱ्या कानाने आधीच कमी ऐकू येत असेल तर पहिल्याची जोखीम वेगळ्या मापाने मोजावी लागते.

आवाजाने येणारी चक्कर आणि घुमणारा आवाज यांवर ऑपरेशनचा गुण चांगला येतो. डोकं जड राहणं, सतत तरंगल्यासारखं वाटणं, यांची खात्री कमी. ऑपरेशननंतरचे काही दिवस ते काही आठवडे तोल बिघडलेला राहतो, कारण एक नलिका मुद्दाम बंद केलेली असते. तोलाचे व्यायाम त्यासाठीच असतात. मध्येच कूस बदलताना नवीन गरगर सुरू झाली तर ऑपरेशन फसलं असं समजू नका. खडे सरकलेले असू शकतात, आणि ते डोक्याच्या ठरावीक हालचालींनी परत जागेवर नेता येतात.

फेरतपासणीला जाताना पायरी ४ चा जुना ऑडिओग्राम बरोबर न्या. नवीन मापात २५० हर्ट्झला हाडाची खूण शून्याच्या आसपास परत आली आणि हवा-हाडाचा फरक मिटला, तर खिडकी बंद झाली आहे. वरच्या सुरांतही तुलना करा. तिथे घसरण दिसली तर ती त्याच भेटीत सर्जनच्या नजरेला आणून द्या.